नेट गेलं, पण गेलं कुठे?



माझी भाची सांगलीत राहते आणि घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. गेल्या पावसाळ्यात तिचा रोज संध्याकाळी फोन यायचा, "मामा, नेट परत गेलं." गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मधेच संभाषण तुटायचं, दोन-तीन मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचं. महिन्यात दोनदा वरिष्ठांनी तिला विचारलं, की तुला घरून काम जमणार आहे का, नाहीतर पुण्याला ये. घरात चार वर्षांची मुलगी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, त्यामुळे पुण्याला जाणं काही शक्य नव्हतं. इंटरनेट देणाऱ्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याचं म्हणणं एकच, "ताई, राऊटर खराब झालाय, नवा घ्या." तो यायचा तेव्हा नेट व्यवस्थित चालू असायचं, हे सांगायला नकोच.

मी तिला म्हटलं, नवा राऊटर घेण्याआधी जुन्यालाच विचारू या. त्याच्या पोटात एक पान असतं. आपल्याला हवं ते त्यावर लिहिलेलं असतं, फक्त ते कुणी उघडत नाही.

ते उघडणं अवघड नाही. मोबाईल घरच्या वायफायला जोडलेला असताना ब्राउझरमध्ये, जिथे आपण वेबसाइटचं नाव लिहितो तिथे, 192.168.1.1 असं लिहायचं. काही राऊटरना 192.168.0.1 लागतं. नेमका आकडा राऊटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर असतो. आत जाण्याचं नाव आणि पासवर्डही बहुधा तिथेच छापलेला असतो. आत गेलं, की Status किंवा Device Info नावाचं पान शोधायचं. तिथे नुसतं वाचायचं, बदलायचं काही नाही. त्या पानावर बरीच गर्दी असते, पण घरच्या माणसाला तीन ओळी पुरतात: राऊटर किती वेळ चालू आहे, जोडणी कोणत्या प्रकारची आहे आणि बाहेरच्या जगातला आपला पत्ता काय.

आधी वेळेचं बघू. बऱ्याच राऊटरवर वेळ दोन ठिकाणी दिसते, आणि सगळी गंमत तिथेच आहे. एक असते System Uptime, म्हणजे राऊटरला वीज मिळाल्यापासून तो न थांबता किती वेळ जागा आहे. दुसरी WAN किंवा Internet या मथळ्याखाली असते. ती सांगते, की बाहेरची जोडणी किती वेळ टिकून आहे. राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर दोन्ही आकडे शून्यापासून सुरू होतात. नुसती बाहेरची जोडणी तुटली, तर दुसराच शून्यावर येतो. पहिला आपला पुढे चालत राहतो.

त्या संध्याकाळी पावणेनऊला तिनं पान उघडलं. पहिला आकडा होता ११ दिवस ४ तास, दुसरा ३१ मिनिटं. पावणेनऊतून ३१ मिनिटं वजा केली, की सव्वाआठला एक मिनिट येतं. तिचं बोलणं तुटलं होतं ८ वाजून ११ मिनिटांनी. म्हणजे राऊटर अकरा दिवस ठणठणीत जागा होता आणि बाहेरची लाइन ८.११ ते ८.१४ अशी तीन मिनिटं मेली होती. मी तिला सांगितलं, आता रोज वहीत तीनच गोष्टी लिही: नेट गेल्याची वेळ, पहिला आकडा, दुसरा आकडा. एक सूचना अशी, की पान आधीपासून उघडं असेल तर ते पुन्हा ताजं करून घ्यायचं. नाहीतर जुनेच आकडे समोर दिसत राहतात आणि आपण भलताच हिशेब करतो.

चार दिवसांत सहा नोंदी झाल्या. सहाही वेळा पहिला आकडा वाढत गेलेला आणि दुसरा शून्यावर आलेला. वेळा कशाही होत्या. नेट रोज ठरावीक वेळेला किंवा बरोबर ठरावीक तासांनी तुटत असतं, तर मी म्हटलं असतं, की इंटरनेट देणाराच मुदत संपली म्हणून जोडणी तोडून पुन्हा जोडतोय. तसं काही दिसत नव्हतं. तिनं वहीच्या पानाचा फोटो तक्रारीसोबत पाठवला. या वेळी आलेला माणूस राऊटरकडे न बघता खांबावर चढला. तिथल्या पेटीत फायबरची तार फार घट्ट वळवून कोंबली होती. फायबरमधून प्रकाश जातो, आणि वळण फार आवळलं की तो वाटेतच गळतो. वारा सुटला, तार हलली, की नेट जायचं. त्यानं तार सैल वळणानं पुन्हा बसवली.

पण गोष्ट संपली नाही. दहा दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला, "मामा, परत तेच." मी विचारलं, पहिला आकडा किती? ती म्हणाली, "सात मिनिटं." दुसरा? "पाच मिनिटं." अनुभव तोच, दुखणं मात्र वेगळं. आता राऊटर स्वतःच बंद होऊन पुन्हा उठत होता. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातला दोन मिनिटांचा फरक म्हणजे त्याला उठून जोडणी करायला लागलेला वेळ. मी विचारलं, घरातला इन्व्हर्टर मधेच टकटक करतो का? तर हो, संध्याकाळी विजेचा दाब खाली येत होता आणि इन्व्हर्टर बॅटरीवर जात होता. त्या क्षणभराच्या खंडात दिवे नुसते लुकलुकतात, पण राऊटरचा जुना अडॅप्टर तेवढाही तग धरत नव्हता. इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला एक बटण असतं, त्यावर यूपीएस लिहिलेलं असतं. ते तिकडे केलं, म्हणजे विजेची अदलाबदल लवकर होते. तेवढ्यानं भागलं. भागलं नसतं, तर नवा अडॅप्टर किंवा राऊटरसाठी मिळणारी छोटी बॅटरी घ्यावी लागली असती.

आणि दोन्ही आकडे कित्येक दिवसांचे असूनही मोबाईलवर नेट जात असेल तर? मग खांब आणि वीज दोघेही बहुधा निर्दोष. भिंती, अंतर, शेजाऱ्यांची वायफाय, असं काहीतरी घरातच शोधावं. मात्र हे आकडे वेगाबद्दल काही सांगत नाहीत. जोडणी महिनाभर न तुटता अगदी रखडतही चालू शकते. काही राऊटर एकच वेळ दाखवतात. ती कोणती, हे कळायला वीज चालू ठेवून बाहेरून येणारी तार मिनिटभर काढून लावावी. आकडा शून्यावर आला तर तो जोडणीचा, नाहीतर राऊटरचा. फायबरचं टोक काढताना मात्र त्याला बोट लावू नये आणि त्यात डोकावू नये.

आता जोडणीचा प्रकार. इथे मला माझाच एक पराक्रम सांगितला पाहिजे. माझ्या घरचं नेट एकदा अडलं, तेव्हा मी राऊटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरली. दिवे सगळे छान लागले, वायफायचं नाव बदललेलं दिसलं, पण नेट नाही. पान उघडलं तर Connection Type पुढे Dynamic IP आणि पत्त्याच्या जागी 0.0.0.0. आधी तिथे PPPoE होतं.

PPPoE प्रकारात राऊटर दर वेळी इंटरनेट देणाऱ्याला एक नाव आणि पासवर्ड सांगतो, तेव्हाच दार उघडतं. Dynamic IP मध्ये तसं काही विचारत नाहीत, तार जोडली की पत्ता मिळतो. Static IP मध्ये पत्ता कायमचा ठरवून दिलेला असतो. टाचणीनं मी राऊटरची सगळी स्मरणशक्ती पुसली होती, त्यात ते नाव आणि पासवर्डही गेले. तो दार न ठोठावता उंबऱ्यात उभा होता. पासवर्ड मिळेपर्यंत दीड दिवस गेला. तेव्हापासून ही दोन्ही एका कागदावर लिहून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहेत. राऊटर नुसता बंद करून चालू करणं वेगळं आणि टाचणी दाबणं वेगळं, हेही तेव्हाच कळलं.

तिसरी ओळ पत्त्याची, WAN IP. आपल्या मोबाईलवर दिसणारा 192.168 वाला पत्ता घरातल्या घरात चालणारा असतो, तो हा नव्हे. माझ्या मेहुण्यांनी मळ्यातल्या घराला कॅमेरे बसवले आणि बाहेरगावाहून थेट त्या घराच्या पत्त्यावर जाऊन ते बघायचे म्हणून राऊटरमध्ये सगळी खटपट केली. तीन रविवार गेले, पण चित्र येईना. मी पान उघडायला सांगितलं. पत्त्याची सुरुवात होती 100.72 अशी. तिथेच उलगडा झाला.

जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी आहेत, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ मध्ये वाटून संपला. म्हणून इंटरनेट देणारे पुष्कळ घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात आणि आतल्या वाटपासाठी वेगळे आकडे वापरतात. २०१२ मध्ये 100.64 पासून 100.127 पर्यंतची रांग या कामासाठी राखून ठेवली गेली. मोठ्या सोसायटीला पोस्टाचा पत्ता एकच आणि आतल्या खोल्यांचे नंबर सोसायटीचे, तसं हे. मेहुणे खोली नंबर सांगून बाहेरच्या टपालाची वाट बघत होते. खात्री करायची तर पानावरचा पत्ता आणि 'माझा आयपी पत्ता' दाखवणाऱ्या एखाद्या वेबसाइटवरचा पत्ता ताडून बघावा. ते वेगळे निघाले, तर आपला पत्ता सामायिक आहे. पानावर 192.168 असा पत्ता दिसला, तर बहुधा आपला राऊटर दुसऱ्या राऊटरच्या मागे जोडलेला असतो. नेहमीच्या वाचण्या-बघण्याला यातल्या कशानंच अडत नाही.

मेहुण्यांपुढे दोन वाटा होत्या. वर्षाला पैसे भरून स्वतंत्र कायमचा पत्ता घ्यायचा, किंवा कॅमेरा बनवणाऱ्यांच्या ॲपमधून बघायचं. ॲपमध्ये कॅमेराच आतून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे सामायिक पत्त्याची अडचण येत नाही. त्यांनी दुसरी वाट धरली, आणि राऊटरमध्ये केलेली सगळी खटपट मी त्यांना पुसून टाकायला लावली.

त्या दिवशी त्यांनी पानाचा फोटो काढून तो चाळीस माणसांच्या कौटुंबिक ग्रुपवर टाकला होता, जोडणीच्या नावासकट. तोही काढायला लावला. तक्रारीसाठी फोटो पाठवायचाच झाला, तर दोन वेळा आणि जोडणीचा प्रकार एवढंच उघडं ठेवावं आणि बाकीचं झाकावं. भाचीनं आपल्या वहीत तेवढंच लिहिलं होतं, आणि माणूस खांबावर चढायला ते पुरलं.