तो आकडा थांबतच नव्हता

आज एका रात्रीची गोष्ट सांगतो. त्या रात्री मला वाटलं होतं की गणितातला एक न सुटलेला प्रश्न माझ्या लॅपटॉपने सोडवला.

खेळ साधा आहे. कुठलाही धन पूर्णांक घ्या. सम असेल तर निम्मा करा. विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. येईल त्या आकड्यावर परत तेच करा आणि 1 आला की थांबा. उदाहरणार्थ 6 घेतला, तर 6, 3, 10, 5, 16, 8, 4, 2, 1. झाल्या आठ पायऱ्या.

आता 26 घ्या, दहा पायऱ्यांत संपतो. 28 अठरा पायऱ्यांत. मग मधला 27 किती घेईल? चौदा-पंधरा? नाही, तब्बल 111! वाटेत तो 9232 पर्यंत वर जातो आणि मग खाली येतो. म्हणजे शेजारच्या आकड्यावरून काहीच अंदाज लागत नाही, प्रत्येक आकडा स्वतः चालवून बघावा लागतो.

प्रत्येक आकडा शेवटी 1 वर येतोच, ही अटकळ लोथार कोलात्झ या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. ती अजून कोणी सिद्ध केलेली नाही. आणि न येणारा एकही आकडा सापडलेला नाही.

तर मी ठरवलं, दहा लाखांच्या आत सर्वात जास्त पायऱ्या कोणाच्या, ते शोधायचं. जावामध्ये कोड लिहिला. त्याचा गाभा एवढाच होता:

```java
int steps = 0;
while (n != 1) {
    if (n % 2 == 0) n = n / 2;
    else n = 3 * n + 1;
    steps++;
}
```

सुरुवातीला भराभर उत्तरं आली. मग प्रोग्राम अडकला. कुठे, तर 113383 वर. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंखा घूं घूं करतोय आणि 1 काही येत नाही. माझ्या छातीत धडधड! न थांबणारा आकडा मिळाला की काय?

मग डोकं थोडं थंड झालं आणि मी प्रत्येक पायरीवर n छापायला लावला. स्क्रीनवर काय, तर -17, -50, -25, -74... ऋण आकडे! आता विचार करा. धन आकडा निम्मा करा नाहीतर तिप्पट करा, तो ऋण कसा होईल? म्हणजे चूक गणितात नव्हती, माझ्या कोडमध्ये होती.

चूक पहिल्या ओळीच्याही आधी होती. मी n ला `int` केलं होतं. त्यात जास्तीत जास्त 2147483647 मावतो. 113383 चा प्रवास एका ठिकाणी 827370449 वर येतो. तो विषम, म्हणून तिप्पट अधिक एक. उत्तर यायला हवं 2482111348, पण ते मावत नाही. जुन्या गाडीच्या मीटरसारखा आकडा फिरतो आणि होतो -1812855948. जावा यावर कसलीही तक्रार करत नाही, गुपचूप पुढे जातो.

तिथून खाली घरंगळत तो -17 वर येतो. गंमत म्हणजे हेच नियम ऋण आकड्यांना लावले तर तिथे खरोखरच चक्रं आहेत. -17 पासून निघालात की अठरा पायऱ्यांनी परत -17! माझा प्रोग्राम त्याच चक्रात गरगरत होता.

उपाय एका शब्दाचा: n ला `int` ऐवजी `long` केलं. 113383 निमूटपणे 247 पायऱ्यांत 1 वर आला. आणि माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तरही मिळालं. दहा लाखांच्या आत सर्वात लांब प्रवास 837799 चा, 524 पायऱ्यांचा. तुम्ही पायथनमध्ये लिहिलंत तर ही अडचण येणार नाही, कारण तिथे पूर्णांक लागेल तेवढा मोठा होतो. पण जावा किंवा सी वापरत असाल, तर तिप्पट करण्याआधी उत्तर मावेल का, एवढी एक तपासणी घालाच.

त्या रात्रीनंतर एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. समजा, खरोखरच 1 वर न येणारा आकडा असेल. तर त्याच्यापुढे दोनच वाटा. एक, तो वेगळ्याच चक्रात अडकेल. तसं झालं तर ते आकडे कागदावर मांडून कोणालाही पडताळता येतील. दोन, तो कायम वर वर जात राहील. मग कॉम्प्युटर शंभर वर्षं चालवला तरी आपल्याला एवढंच दिसेल, की अजून थांबलेला नाही. कधीच थांबणार नाही, हे स्क्रीनकडे बघून कळणार नाही. त्याला सिद्धताच लागेल.

आज मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा आणि 27 चालवून बघा. 111 पायऱ्या भरल्या नाहीत, तर मध्ये कुठेतरी चुकलात. भेटू पुढच्या भागात!