एक्स्पेन्स रेशो वाचताना कुठं फसतो आपण?

आज हदगावच्या एका श्रोत्याचा मेसेज घेऊनच बसलोय. त्यानं दोन स्क्रीनशॉट पाठवलेत आणि खाली लिहिलंय, "दादा, तुम्ही म्हणता इंडेक्स फंड स्वस्त असतो. माझ्या निफ्टी इंडेक्स फंडाचा एक्स्पेन्स रेशो ०.९० टक्के आहे. मित्राचा लार्ज-कॅप ॲक्टिव्ह फंड आहे, त्याचा ०.७०. मग स्वस्त कोणता?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. पण स्क्रीनशॉट नीट बघा. मित्राच्या फंडाच्या नावात शेवटी `Direct Plan - Growth` लिहिलंय. आपल्या भावाच्या फंडात `Regular Plan - Growth`. म्हणजे त्यानं एकाची रेग्युलर किंमत आणि दुसऱ्याची डायरेक्ट किंमत शेजारी ठेवली. फंडाचा प्रकार वेगळा आणि विकत घेण्याचा रस्ताही वेगळा, मग तुलना कशी व्हायची?

१ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन द्यावा लागतो. शेअर तेच, मॅनेजर तोच, फक्त मधल्या वितरकाचं कमिशन त्यात नसतं. त्याच इंडेक्स फंडाचा डायरेक्ट प्लॅन उघडला तर ०.२० टक्के दिसला. आणि मित्राच्या फंडाचा रेग्युलर प्लॅन? १.७० टक्के. आता डायरेक्टला डायरेक्ट लावा: ०.२० आणि ०.७०. रेग्युलरला रेग्युलर लावा: ०.९० आणि १.७०. दोन्हीकडं इंडेक्सच स्वस्त.

आता हा टक्का कशावर? बऱ्याच जणांना वाटतं नफ्यावर, नाहीतर महिन्याच्या हप्त्यावर. तसं नाही. तुमच्या जमलेल्या सगळ्या रकमेवर, वर्षाला एवढा. आणि तो रोज थोडा थोडा कापला जातो. एक लाख जमा असतील तर १.७० टक्क्यानं दिवसाला साधारण ४ रुपये ६६ पैसे, ०.२० टक्क्यानं ५५ पैसे. फंड पडला त्या दिवशीसुद्धा.

बाजार समितीत सोयाबीन घातलं की पट्टीवर हमाली, तोलाई वेगळी लिहून येते. कापलेलं दिसतं, म्हणून आपण भांडतो तरी. इथं तसली पट्टी नाही. कापून झाल्यावरच एनएव्ही जाहीर होते. त्यामुळं ॲपवर दिसणारा परतावा खर्च वजा होऊनच आलेला असतो, त्यातून पुन्हा एक्स्पेन्स रेशो वजा करायचा नाही.

एक लाख २० वर्षं ठेवले आणि शेअरनी खर्चाआधी वर्षाला ११ टक्के दिले असं समजू. हे फक्त गणितासाठी हं, हमी कुणीच देत नाही. ०.२० टक्के खर्चात ढोबळ ७ लाख ७८ हजार होतात, १.७० टक्के खर्चात ५ लाख ९२ हजार. फरक १ लाख ८६ हजार, म्हणजे मूळ रकमेच्या जवळजवळ दुप्पट.

"पण ॲक्टिव्हवाला मॅनेजर हुशार असला तर?" असू शकतो. पण एक जण बाजारापेक्षा जास्त कमावतो तेव्हा दुसरा कुणीतरी कमी कमावतो, आणि खर्च मात्र दोघांनाही लागतो. एसअँडपीच्या स्पिव्हा अहवालात भारतातले निम्म्याहून जास्त लार्ज-कॅप फंड १० वर्षांच्या मुदतीत निर्देशांकामागं दिसतात. पुढं राहणारे थोडे असतात, पण ते कोणते हे आधी ओळखता येत नाही, ही खरी अडचण आहे. मिड आणि स्मॉल-कॅपमध्ये चित्र एवढं स्पष्ट नाही, तिथं मी इतक्या जोरात बोलणार नाही.

इंडेक्स फंडातही एक गोष्ट तपासा, ट्रॅकिंग डिफरन्स. निफ्टी ५० टीआरआयनं, म्हणजे लाभांश धरून, वर्षात १२ टक्के दिले आणि फंडानं ११.७, तर तुमचं खरं नुकसान ०.३ टक्के. रेशो ०.१० लिहिलेला असला तरी. आणि बाजार पडला की इंडेक्स फंडही पडणारच. २०२० च्या जानेवारीत निफ्टी १२,००० च्या वर होता, २३ मार्चला ७,६०० च्या आसपास. तिथं वाचवायला कुणी बसलेलं नसतं.

तर हदगावच्या भावा, तुझं असं कर. स्टेटमेंटमध्ये फंडाच्या नावाजवळ `ARN` नंबर असेल तर तो रेग्युलर. ती एसआयपी थांबव, त्याच फंडाच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये नवी सुरू कर. जुने युनिट घाईनं हलवू नको. रेग्युलरमधून डायरेक्टला जाणं म्हणजे कराच्या हिशोबात विक्रीच. वर्षाच्या आतल्या युनिटच्या नफ्यावर २० टक्के कर, वर्षानंतरच्या नफ्यावर १२.५, तोही आर्थिक वर्षात सगळा मिळून सव्वा लाखाच्या वर गेला तरच. आणि एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजलं जातं. तू मार्चमध्ये सुरू केलंस ना? मग पहिला हप्ता पुढच्या मार्चनंतर, दुसरा एप्रिलनंतर. एक्झिट लोड आहे का तेही त्याच पानावर बघ, आणि नवा स्क्रीनशॉट पाठव.