यादीतले नाव आणि फोनचा कॅमेरा

(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



2025 च्या अखेरीस मध्यप्रदेशात मतदार यादीचे विशेष सघन पुनरीक्षण सुरू झाले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना 2003 च्या यादीत आपले किंवा आईवडिलांचे नाव शोधावे लागले. छापील पानाचा फोनने फोटो काढून अक्षरे वाचणाऱ्या ॲपला द्यायचा, ही सोय सगळ्यांना माहीत आहे. पण ॲप वाचायला घेते त्याआधीच कॅमेऱ्याने अक्षर बदललेले असू शकते.

पूर्ण ए-फोर पान 4000 ठिपके उंचीच्या फोटोत मावले, तर एका मिलिमीटरला साधारण तेरा ठिपके येतात. बारीक टाइपातली रेघ मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी असते, म्हणजे जेमतेम अडीच ठिपके. एवढ्या बारीक रेघेवर फोन आपोआप 'धार' चढवतो. प्रत्येक ठिपका शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा जितका वेगळा असेल, तितका तो आणखी वेगळा करायचा, हे त्याचे तंत्र.

आता 'वैद्य' हे आडनाव घ्या. कागद पातळ आहे. मागच्या बाजूची फिकट रेघ नेमकी 'व'च्या पोटात उमटली आहे. कागदाचा उजळपणा 200 आणि या रेघेचा 170 धरू. दोन्हीकडचे शेजारी धरून सरासरी 190 येते, फरक वीसचा. तो वजा केला की रेघ 150 होते. शेजारचे ठिपके मात्र 210 होतात. वाचणारे ॲप 160 च्या खालचे सगळे शाई समजत असेल, तर आधी कागद म्हणून सुटली असती ती रेघ आता शाई ठरते. 'व'च्या पोटात रेघ आली की 'ब' झाला, आणि वैद्यांचे बैद्य झाले! शिरोरेघेवरचा कागदातला एखादा डागही असाच अनुस्वार बनतो.

यात ॲपचा दोष नाही. त्याच्यापुढे आलेल्या चित्रात 'ब'च होता.

ओळखायचे कसे? फोटो मोठा करून पाहा. अक्षराभोवती कागदापेक्षाही पांढरी कड दिसली, तर धार चढवलेली आहे. मग कागद थोडा फिरवून, उजेड बदलून दुसरा फोटो काढा. छापलेली रेघ दोन्हीत तीच राहते; उपजलेली रेघ बहुधा बदलते. शेवटी मूळ कागद भिंगाखाली पाहावा, तोच खरा साक्षीदार.

डिजिटल झूम टाळा. पूर्ण पानाऐवजी चार-पाच ओळींचा फोटो घ्या आणि पानामागे काळा कागद ठेवा, म्हणजे मागची छपाई कमी उमटते. सेटिंगमधले सुधारणेचे बटण बंद केले तरी फोनची मूळ धार बहुधा राहतेच. म्हणून महत्त्वाचे नाव फोटोवरून अर्जात उतरवू नका, कागदावरून उतरवा.