चॅटवरील हुकूम आणि विनंती

कार्यालयाच्या चॅट ग्रुपवर वरिष्ठ अधिकारी ‘विक्रीचा तक्ता अजून नाही. आज पाहिजे.’ असे लिहितो, तेव्हा त्याच्या उद्धटपणाची चर्चा होते. पण त्या संदेशाचा मोठा दोष असा की, तो सूचना म्हणूनही अपुरा आहे. तक्ता कोणी द्यायचा, कोणत्या महिन्याचा आणि ‘आज’ म्हणजे जेवणाच्या सुट्टीपूर्वी की रात्री, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही. कळते ती फक्त नाराजी, आणि तीही सगळ्या ग्रुपसमोर.

पेनेलोप ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाभ्यासकांनी 1987 सालच्या ग्रंथात ‘फेस’ ही संकल्पना, म्हणजे चारचौघांत माणूस जपत असलेली स्वतःची प्रतिष्ठा, सौजन्याच्या मुळाशी मानली आहे. आज्ञेने ऐकणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर दाब येतो आणि तो हलका करण्यासाठी बोलणारा आडवळण घेतो. मात्र शोशाना ब्लुम-कुल्का यांनी त्याच वर्षी दाखवले की, आडवळण वाढले म्हणजे सौजन्य वाढतेच असे नाही. हिब्रू आणि इंग्रजी भाषकांना नुसत्या सूचक बोलण्यापेक्षा रूढ प्रश्नार्थक विनंती अधिक सभ्य वाटली.

मराठीत ही रूढ विनंती क्रियापदात मावते. ‘टाका’ या आज्ञार्थाऐवजी ‘टाकाल का’ असे लिहिले की हुकमाची धार जाते आणि काम तेवढेच ठाम राहते. वरील संदेश त्यानुसार असा होईल, आणि त्याच्या आरंभी संबंधित व्यक्तीचे नाव येईल: ‘मार्चच्या विक्रीचा तक्ता आज दुपारी 4 पर्यंत ग्रुपवर टाकाल का? 5 च्या बैठकीत तो दाखवायचा आहे. कोकण विभागाचे आकडे आले नसतील, तर तो रकाना रिकामा ठेवून 3 पर्यंत मला कळवा.’ येथे मार्दव पहिल्या क्रियापदापुरते आहे. वेळेला त्याचा स्पर्शही नाही. ‘अजून नाही’ ही तक्रार वगळली आहे, कारण उशिराबद्दल बोलायचेच असेल तर ते त्या व्यक्तीशी स्वतंत्रपणे बोलणे योग्य.

सभ्य लिहिण्याच्या ओघात अनेकजण ‘जमल्यास’, ‘वेळ मिळाल्यास’, ‘एकदा बघून घ्या’ असे शब्द घालतात आणि काम ऐच्छिक करून टाकतात. ‘तक्ता पाठवण्यात यावा’ ही कर्मणी रचना अदबशीर दिसली, तरी तिच्यात कर्ताच हरवतो आणि ग्रुपमधला प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाहत राहतो. संदेश पोहोचला की नाही, हे उत्तरावरून ओळखता येते: ‘4 पर्यंत टाकते’ असे उत्तर आले तर वेळ आणि जबाबदारी दोन्ही स्वीकारली गेली, पण ‘बघते’ किंवा नुसता अंगठा आला तर तेवढे मानता येत नाही आणि वेळेविषयी पुन्हा विचारून घ्यावे लागते.

तातडीच्या प्रसंगी मात्र ही विनंती अडचणीची ठरते. चुकीच्या दराची बिले ग्राहकांना जात असतील, तेव्हा ‘बिले पाठवणे आत्ता थांबवा’ एवढेच लिहावे. अशा वेळी थेट आज्ञेने कोणाचा मान दुखावत नाही, हे ब्राउन आणि लेव्हिन्सन यांनाही मान्य आहे, आणि थांबवण्याचे कारण संकट टळल्यावर त्याच ग्रुपवर सविस्तर लिहिता येते.