अनामत रकमेचा वाद : घरमालकाला तडजोडीचे पत्र

मंडळी, घर सोडताना अनामत रक्कम पूर्ण मिळाली नाही, की आपण फोनवर भांडतो. तिथे काहीच नोंद राहत नाही. त्यापेक्षा एक पानी पत्र लिहा, घरमालकाला वाचता येईल त्या भाषेत.

बंगळुरूतले उदाहरण घेऊ. भाडे 16,000, अनामत 80,000, मुक्काम तीन वर्षे. मालकाने रंगकामाचे 16,000, फुटलेल्या बेसिनचे 3,500 आणि शेवटच्या वीजबिलाचे 1,300 असे 20,800 कापून बाकीचे परत केले.

पत्राआधी करारनामा काढा. ‘घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचे भाडे कापले जाईल’ असे कलम असेल तर तुमची बाजू लंगडी; बंगळुरूत असे कलम पुष्कळदा असते. या करारात ते नव्हते. नेहमीच्या वापराने रंग फिका पडणे ही भाडेकरूने केलेली मोडतोड धरत नाहीत, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 मध्येही ही सूट आहे. बेसिन मात्र आपल्याच हातून फुटले, तेव्हा ते पैसे आपले. ते आधीच कबूल केले की पुढचे म्हणणे समोरच्याला पटू लागते.

आता पत्र :

‘स. न. वि. वि. माझे हक्क राखून, केवळ तडजोडीसाठी हे लिहीत आहे. बेसिन व वीजबिलाचे 4,800 रुपये मला मान्य आहेत. रंगकामाची कपात करारात नाही. तरीही वाद मिटावा म्हणून त्यातला निम्मा भार, 8,000 रुपये, मी सोसतो. उरलेले 8,000 रुपये पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. ते जमा झाल्यावर आपला हिशेब पूर्ण झाला असे मी लिहून देईन. मुदतीत रक्कम न आल्यास हा प्रस्ताव रद्द समजावा. रंगकामाचे पूर्ण 16,000 रुपये मागण्याचा माझा हक्क कायम राहील.’

पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य गाळू नका. ती नसतील तर ‘निम्मे तुम्हीच सोडले होते ना?’ असे उद्या ऐकावे लागते. पोलिसांची धमकी घालू नका, हा दिवाणी हिशेब आहे.

सोबत करारनाम्याची प्रत, घर सोडतानाचे फोटो आणि अनामत भरल्याची नोंद दाखवणारे पासबुकाचे पान जोडा. स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा, तेच पत्र व्हॉट्सॲपवरही टाका. मालक 6,000 वर आला तर? माझ्या मते घ्यावेत. वकिलाची फी आणि कामाचे बुडालेले दिवस धरले तर 2,000 साठी पुढे जाणे परवडत नाही. पैसे मात्र खात्यातच घ्या, आणि ‘हिशेब पूर्ण’वर सही रक्कम जमा झाल्यावरच करा, आधी नाही.