दुधावर वाढलेले फिकट बाळ



आज एकच विषय मांडतो. पहिल्या वाढदिवसाआधी वरचे दूध सुरू झालेल्या बाळाचा.

अमळनेर किंवा साक्रीकडचे दहा महिन्यांचे बाळ डोळ्यांपुढे आणा. वजन आठ किलो, गाल भरलेले, पण तळहात पांढरे. आई शेतात जाऊ लागली तेव्हा सहाव्या महिन्यात गाईचे दूध सुरू झाले. आज दिवसाला 800 मिलि दूध जाते आणि वर थोडे केळे. पोट दुधाने भरल्यामुळे बाळ वरण-भाताला तोंड लावत नाही. हिमोग्लोबिन 6.8. आजी म्हणते, ‘दूध तर भरपूर पितो, मग रक्त कमी कसे?’ तिचा प्रश्न अगदी योग्य आहे.

हिशेब करून पाहू. गाईच्या लिटरभर दुधात लोह साधारण 0.5 मिग्रॅ, म्हणजे या बाळाला मिळते 0.4. त्यातला सुमारे दहावा भाग शरीरात शोषला जातो, म्हणजे 0.04 मिग्रॅ. या वयात रोज 0.7 मिग्रॅच्या आसपास लोह रक्तात उतरायला हवे. आईच्या दुधातही लोह थोडेच असते, पण त्यातला जवळजवळ निम्मा भाग शोषला जातो. गाईच्या दुधातले कॅल्शियम आणि केसीन तर इतर अन्नातले लोहही अडवतात. जन्मतः आणलेला साठा चार ते सहा महिन्यांत संपत आलेला असतो. रावेरच्या केळ्याने ही तूट भरत नाही.

जे आत जात नाही, त्याहून वाईट आहे ते बाहेर झिरपणे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात झीगलर आणि फोमन यांनी 1990 मध्ये साडेपाच महिन्यांच्या बाळांना पाश्चराइज्ड गाईचे दूध दिले. आधी 3 टक्के शौचनमुन्यांत गुप्त रक्त सापडत होते, महिनाभरात ते 30.3 टक्क्यांवर गेले. फॉर्म्युलावरच्या बाळांत असे झाले नाही. शौच दिसायला नेहमीसारखीच असते, म्हणून घरात कोणालाच कळत नाही. एरवी निरोगी असलेल्या बाळाच्या 1 मिलि रक्तात साधारण 0.37 मिग्रॅ लोह असते. एवढे रक्त गेले तरी दिवसभराच्या दुधाने दिले त्याच्या नऊपट लोह जाते. आतड्याची ही प्रतिक्रिया वर्षाच्या सुमारास ओसरते, म्हणून वर्षाची अट.

आपल्याकडे दूध उकळूनच देतात, असे कोणी म्हणेल. आक्षेप खरा आहे. जास्त तापवलेल्या दुधाने रक्तस्राव कमी होतो, हे प्रयोगांत दिसले आहे. पण उकळल्याने दुधात लोह येत नाही, आणि पाणी घातले की आहे तेही पातळ होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शनात सहा ते अकरा महिन्यांच्या, अंगावर न पिणाऱ्या बाळांसाठी प्राण्याचे दूध चालेल असे आहे, हे मला ठाऊक आहे. माझे मत वेगळे आहे: जिथे वरचे अन्नच तुटपुंजे, तिथे ही मोकळीक महागात पडते.

निदानात घाई नको. फेरिटिन 12 च्या खाली आणि पेशी लहान असतील तर लोहाची कमतरता बहुधा ठरते. शौचातील गुप्त रक्त वेगवेगळ्या तीन दिवशी तपासा, कारण स्राव रोज होत नाही. एकदा नकारात्मक आले म्हणून दूध निर्दोष सुटले असे समजू नका. चेहऱ्यावर आणि पायांवर सूज असेल तर अल्ब्युमिन पाहा, आतड्यातून प्रथिनेही गळत असतात. आणि पावरा-भिल्ल वस्त्यांतल्या बाळात सिकलसेलची तपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उपचार म्हणजे दूध बंद आणि लोह सुरू, दोन्ही एकदम. किलोमागे रोज 3 मिग्रॅ लोह, दुधासोबत कधीच नाही. आठवडा-दहा दिवसांत रेटिक्युलोसाइट वाढतात, महिन्यात हिमोग्लोबिन किमान 1 ग्रॅमने वर यायला हवे. आले नाही तर पहिला प्रश्न: दूध खरेच थांबले का? पातळी पूर्ववत झाल्यावरही दोन-तीन महिने औषध चालू ठेवा, साठा भरायचा असतो. आईला आधीच सांगा की शौच काळी होईल, नाहीतर घाबरून ती औषध थांबवते. हिमोग्लोबिन फार खाली असले तरी रक्त हळू आणि थोडे द्या. त्या बाळाचे हृदय आधीच दमलेले असते.

अंगावरचे दूध चालू ठेवा. ते नसेल तर फॉर्म्युला. त्यासोबत अंडे, कलेजी, मसूर-मुगाचे दाट वरण लिंबू पिळून. खिरीतल्या चमचाभर दुधाशी माझे भांडण नाही, वाटीभर दुधाशी आहे. सरकारी कार्यक्रमातले लोहाचे सिरप, सहा महिन्यांपासून आठवड्यात दोनदा 1 मिलि, घरी पोहोचते का ते विचारा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 5 प्रमाणे महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के मुलांत रक्तक्षय आहे. त्यामागे दूध किती, हे आपल्या केसपेपरवरून कळत नाही, कारण आपण विचारतच नाही. म्हणून विनंती एवढीच: उद्यापासून वर्षाआतल्या प्रत्येक बाळाच्या केसपेपरवर वजनाखालीच लिहा, कोणते दूध, कधीपासून, दिवसाला किती मिलि.