संदर्भसूचीतला सरकलेला इकार

उधन्यात मराठी लिहिणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना संदर्भ पीडीएफमधूनच उचलावे लागतात. काही पीडीएफमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व इकार दिसतो व्यंजनाआधी, पण युनिकोडमध्ये तो व्यंजनानंतर यावा लागतो. म्हणून ‘साहित्य’चे ‘सािहत्य’ होते, ‘आणि’चे ‘आिण’. अनाथ इकाराशेजारी बहुधा ठिपक्यांचे वर्तुळ दिसते, तीच खूण.

लिबरऑफिस रायटरच्या शोधा-बदला खिडकीत `Regular expressions` निवडून पहिली ओळ शोधा, दुसरी बदली म्हणून द्या:

```
(^|[\sअ-औा-ौ])ि((?:[क-ह]्)*[क-ह])
$1$2ि
```

शब्दारंभी, स्वरानंतर किंवा मात्रेनंतर आलेला इकार पुढच्या व्यंजनावर जातो. जोडाक्षर अखंड राहते, म्हणून ‘िस्थती’चे ‘स्थिती’च होते.

खरा धोका ‘कविता’चा. तिथे ‘किवता’ उमटते. इकार आधीच्या ‘क’वर बसतो, वर्तुळ दिसत नाही, आणि हे सूत्रही त्याला पकडत नाही. सूत्र सैल केले, तर ‘किती’सारखे शुद्ध शब्द बिघडतील. म्हणून उरलेला प्रत्येक इकार मूळ पानाशी डोळ्यांनीच ताडावा. लेखकांची नावे आधी. तिथे शब्दकोश मदतीला येत नाही.